फराळाच्या ऑर्डरी आणि सरकणारी दिवाळी: मासिक आकड्यांतून कल, हंगाम आणि उरलेलं कसं वेगळं करायचं

इंदूरच्या लोकमान्य नगरात माझी मावशी फराळाचे पदार्थ करून विकते. चकली, अनारसे, कडबोळी, लसणाची सेव असा माल असतो. थोडा गावात जातो, बराचसा कुरियरने बाहेर. तिच्या ऑर्डरींचा हिशेब माझ्याकडे आहे. तो मी कसा मांडतो हे ओळखीच्या चार-सहा विक्रेत्यांना दाखवल्यापासून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. खालचे आकडे मावशीच्या वहीवरूनच घेतलेत, पण समजायला सोपे जावेत म्हणून बदलून गोल केले आहेत. दिवाळीच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

१. महिन्याच्या ऑर्डरींचे तीन भाग करायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

समजा एखाद्या महिन्यात ६४० ऑर्डरी आल्या. त्या आकड्यात तीन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे धंद्याची एकूण पातळी, जी हळूहळू चढते किंवा उतरते. तिला मी कल म्हणतो. दुसरी, तो महिना दरवर्षीच त्या पातळीच्या किती वर किंवा खाली असतो. हा हंगामी गुणक. गुणक १ म्हणजे सरासरी महिना, २ म्हणजे दुप्पट, ०.७ म्हणजे तीस टक्के मंद. या दोन्हींनी ज्याचा उलगडा होत नाही ते उरलेलं, म्हणजे एखादी मोठी घाऊक ऑर्डर, पाऊस, आजारपण, किंवा आपलीच काही चूक.

मांडणी अशी:

```
ऑर्डरी = कल × हंगामी गुणक × उरलेलं
```

उरलेल्याचा आकडा १ च्या आसपास असेल तर महिना अपेक्षेप्रमाणे गेला. मावशीला "या महिन्यात काय झालं?" असं विचारायचं की नाही, हे मी त्या तिसऱ्या आकड्यावरून ठरवतो.

२. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केली की झालं ना? एवढा खटाटोप कशाला?

जून, जुलै, डिसेंबर अशा महिन्यांना बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पण २०२३ चा ऑक्टोबर बघा. २०२२ च्या ऑक्टोबरात १,०१० ऑर्डरी होत्या, २०२३ च्या ऑक्टोबरात ६४०. म्हणजे ३७ टक्के घट. मावशी रडकुंडीला आली होती, मदतीला येणाऱ्या एका बाईंना "आता येऊ नका" असं सांगायची तिने तयारीही केली होती. मग नोव्हेंबर आला आणि ३४० च्या जागी ९३० ऑर्डरी आल्या. दोन्ही महिने मिळून २०२२ मध्ये १,३५० आणि २०२३ मध्ये १,५७०, म्हणजे प्रत्यक्षात १६ टक्के वाढ. धंदा कुठेच गेला नव्हता, दिवाळी सरकली होती. याचा पूर्ण हिशेब प्रश्न ६ मध्ये आहे.

३. गुणायचं की मिळवायचं? काही ठिकाणी बेरजेचं सूत्र दिसतं.

दोन्ही सूत्रं चालतात, प्रश्न फक्त तुमच्या आकड्यांना कोणतं बसतं एवढाच. दिवाळीत दरवर्षी ठरावीक ६०० ऑर्डरी वाढत असतील, मग धंदा केवढाही असो, तर बेरीज. धंदा मोठा होईल तशी दिवाळीची उसळीही मोठी होत असेल तर गुणाकार. आलेख काढला की डोळ्यांनाच कळतं: उंचवटे वर्षागणिक वाढत जातात का तेवढं बघा. विक्रीच्या आकड्यांत मला बहुधा गुणाकारच सापडला आहे. एखाद्या महिन्यात शून्य ऑर्डर असेल तर मात्र गुणाकार अडतो, त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

४. किती वर्षांचे आकडे लागतात?

गणितापुरती दोन पूर्ण वर्षं पुरतात, त्याखाली संगणक उत्तरच देत नाही. पण दोन वर्षांत प्रत्येक महिन्याचे जेमतेम एक-दोन नमुने मिळतात, त्यावर विश्वास ठेवू नका. तीन ही माझी किमान अट आहे, पाच असतील तर उत्तम. दहा वर्षांपूर्वीचे आकडे ओढून आणण्यात काही अर्थ नाही. तेव्हा गिऱ्हाईक वेगळं होतं, ऑर्डर फोनवर यायची, गुणकही वेगळे होते.

५. पायथन येत नाही. एक्सेलमध्ये हाताने कसं करायचं?

पहिल्या वेळी हातानेच करा, आत काय चाललंय ते कळतं. मावशीचे जानेवारी २०२२ ते जून २०२५ असे ४२ महिने घेऊ. महिना A स्तंभात, ऑर्डरी B स्तंभात, पहिला आकडा B2 मध्ये.

आधी कल. बारा महिन्यांची सरासरी घेतली की प्रत्येक महिना एकदाच मोजला जातो आणि हंगाम आपोआप सपाट होतो. अडचण एवढीच की बारा ही सम संख्या आहे, त्यामुळे सरासरीचा मध्य दोन महिन्यांच्या मधोमध पडतो. म्हणून तेरा महिने घ्यायचे आणि दोन टोकांच्या महिन्यांना निम्मं वजन द्यायचं. जुलै २०२२ च्या ओळीत, म्हणजे आठव्या ओळीत, C स्तंभात हे लिहा आणि खाली ओढा:

```
=(B2+2*SUM(B3:B13)+B14)/24
```

सुरुवातीचे सहा आणि शेवटचे सहा महिने रिकामे राहतील. ती चूक नव्हे, मागचे-पुढचे सहा महिने नसले तर सरासरी निघणारच नाही. ४२ पैकी ३० महिन्यांचा कल हाती येतो, जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४.

मग D स्तंभात B भागिले C. आता सगळे ऑक्टोबर एकत्र घेऊन त्यांच्या D ची सरासरी काढा, तसेच सगळे नोव्हेंबर, सगळे डिसेंबर. हे बारा गुणक झाले. त्यांची बेरीज बरोबर १२ यायला हवी. थोडी कमी-जास्त आली तर प्रत्येक गुणकाला १२ ने गुणून त्या बेरजेने भागा. शेवटी D ला त्या महिन्याच्या गुणकाने भागलं की उरलेलं मिळतं.

मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा गुणक बाराऐवजी तेरा निघाले, कारण A स्तंभात एका जागी "सप्टें" आणि दुसऱ्या जागी "सप्टेंबर" होतं. महिन्यांची नावं एकदा नीट तपासा.

६. दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. मग या दोन महिन्यांचा गुणक काढायचा तरी कसा?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि इंटरनेटवरच्या तयार पाककृती इथेच फसतात. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं असतं, म्हणून सण दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे येतो आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे ढकलला जातो. लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर यावर वाद झाला. आपल्या हिशेबाला मात्र त्या वादाने काही फरक पडत नाही, का ते लगेच दिसेल.

आधी काहीच दुरुस्ती न करता काय होतं ते बघू. ऑक्टोबरचा कल २०२२ ला ४८०, २०२३ ला ५५०, २०२४ ला ६२० आला. ऑर्डरी १,०१०, ६४० आणि १,३००. भागाकार २.१०, १.१६ आणि २.१०, त्यांची सरासरी १.७९. हा १.७९ एकाही वर्षाला लागू पडत नाही. उरलेलं बघा: १.१८, ०.६५, १.१७. नोव्हेंबरात ऑर्डरी ३४०, ९३०, ४८० आणि भागाकार ०.७०, १.६७, ०.७७. सरासरी १.०५ धरली तर उरलेलं ०.६७, १.६०, ०.७३.

ऑक्टोबर वर गेला की नोव्हेंबर खाली, नोव्हेंबर वर गेला की ऑक्टोबर खाली, असं लागोपाठच्या दोन महिन्यांचं उरलेलं एकमेकांच्या उलट डोलताना दिसलं की समजायचं, आत सरकता सण लपलाय. खरं अनियमित उरलेलं असं जोडीने डोलत नाही.

आता दुरुस्ती. मावशीच्या वहीत दिवाळीची गर्दी लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या १५ दिवसांत असते (हे १५ कुठून आले ते प्रश्न ७ मध्ये). प्रत्येक वर्षी त्या पंधरापैकी किती दिवस ऑक्टोबरात पडले ते मोजू. २०२२ मध्ये पंधराच्या पंधरा. २०२४ मध्येही पंधराच, लक्ष्मीपूजन ३१ ला धरा नाहीतर १ तारखेला. २०२३ मध्ये २८ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर, म्हणजे ४ दिवस ऑक्टोबरात आणि ११ नोव्हेंबरात.

सगळी दिवाळी ऑक्टोबरात असली की भागाकार २.१०, पंधरापैकी चारच दिवस असले की १.१६. अकरा दिवस कमी झाल्याने ०.९४ गेले. म्हणजे पूर्ण पंधरा दिवसांची दिवाळी ०.९४ × १५ ÷ ११, सुमारे १.२८ एवढी. सोप्या शब्दांत, दिवाळीमुळे सरासरी महिन्याच्या सव्वापटीहून किंचित जास्त ऑर्डरी वर येतात. दिवाळी वजा केली तर ऑक्टोबर ०.८२ चा महिना आहे. नोव्हेंबरवरून हाच हिशेब केला तर दिवाळीविना ०.७३ आणि दिवाळीचे पुन्हा १.२८ येतात. (तुमच्या आकड्यांत दोन महिन्यांचं उत्तर इतकं तंतोतंत जुळणार नाही, मी आकडे गोल केल्यामुळे जुळलंय. १.१ आणि १.४ आले तरी सरासरी घेऊन पुढे जा. ०.५ आणि १.९ आले तर मात्र दिवसांची संख्या चुकली आहे.)

यानंतर कागदावर सगळ्या दिवाळ्या एकाच महिन्यात आणायच्या. २०२३ च्या नोव्हेंबरात पडलेले दिवाळीचे ११ दिवस म्हणजे १.२८ × ११ ÷ १५ × ५५६ (तो नोव्हेंबरचा कल), सुमारे ५२२ ऑर्डरी. त्या नोव्हेंबरातून काढून ऑक्टोबरात टाका. ऑक्टोबर १,१६२ झाला, नोव्हेंबर ४०८, आणि बेरीज जशीच्या तशी १,५७० राहिली. आता प्रश्न ५ चे सगळे टप्पे या सरकवलेल्या आकड्यांवर पहिल्यापासून करा.

पहिल्यापासून म्हणजे कलसुद्धा नव्याने काढायचा. हे लोक टाळतात, आणि मीही पहिल्या वर्षी टाळलं होतं. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या बारा महिन्यांत दिवाळी जवळजवळ नाहीच, तर नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ या बारा महिन्यांत जवळजवळ दोन दिवाळ्या आहेत. त्यामुळे न सरकवलेल्या आकड्यांचा कल एप्रिल-मे २०२३ मध्ये तीन-पाच टक्के खचतो आणि एप्रिल-मे २०२४ मध्ये तितकाच फुगतो. ऐन उन्हाळ्यात, इंदुरात कोणी चकलीचं नावही काढत नाही तेव्हा, आलेखात धंदा वाढल्यासारखा दिसतो. मी त्यावर मावशीला दोन तास प्रश्न विचारत बसलो होतो.

७. हे १५ दिवस कुठून आणले? माझ्या धंद्याला किती धरू?

रोजच्या ऑर्डरी असतील तर दोन-तीन वर्षांच्या घ्या आणि तारखेऐवजी "लक्ष्मीपूजनाला किती दिवस उरले" असं लिहून एकाखाली एक मांडा. गर्दी कुठे सुरू होते आणि कुठे तुटते ते दिसेल. मावशीकडे दसऱ्यानंतर चारेक दिवस शांत असतात, मग चढ सुरू होतो आणि धनत्रयोदशीनंतर घसरतो, कारण त्यानंतर दिलेलं पार्सल पुण्याला वेळेत पोचत नाही. भेटवस्तू किंवा कपडे विकणाऱ्यांची गर्दी याआधी सुरू होते. मिठाईवाल्यांची गर्दी शेवटच्या चार-पाच दिवसांत असते, पण माझा त्यांचा फारसा अनुभव नाही.

रोजचे आकडे नसतील तर ७, १५ आणि २१ दिवस धरून तीनदा हिशेब करा. ज्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरचं उरलेलं १ च्या सगळ्यात जवळ येईल ते ठेवा.

८. मग पुढच्या दिवाळीचा अंदाज कसा काढायचा?

सरकवलेल्या आकड्यांतून ऑक्टोबरचा गुणक २.१० आणि नोव्हेंबरचा ०.७३ मिळाला. आता उलट दिशेने जायचं. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २०-२१ ऑक्टोबरला, पंधराही दिवस ऑक्टोबरात, त्यामुळे गुणक आहेत तसेच. २०२६ मध्ये ८ नोव्हेंबरला, म्हणजे २४ ऑक्टोबर ते ७ नोव्हेंबर. आठ दिवस ऑक्टोबरात, सात नोव्हेंबरात. दिवाळीच्या १.२८ पैकी ७/१५, म्हणजे ०.६०, नोव्हेंबरला परत द्यायचे. ऑक्टोबर १.५०, नोव्हेंबर १.३३. तेव्हाचा कल समजा ७०० असेल तर ऑक्टोबरात १,०५० आणि नोव्हेंबरात ९३० च्या आसपास.

मावशीसाठी याचा अर्थ असा की २०२६ मध्ये भाजणी एकदम दळून ठेवायची नाही, आणि मदतनीस बायकांना नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत बोलवायचं.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. हा १.२८ फक्त तीन दिवाळ्यांवरून काढलाय, आणि त्यातल्या दोन एकाच जातीच्या आहेत. सगळा भार २०२३ वर आहे. त्या वर्षी आणखी काही वेगळं घडलं असतं तर तेही दिवाळीच्याच नावावर जमा झालं असतं.

९. पायथनमधलं एसटीएल हे सगळं आपोआप करत नाही का?

कल आणि गुणक काढतं, दिवाळी सरकवत नाही. एसटीएल ही क्लीव्हलँड आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडलेली पद्धत. तिचे दोन फायदे खरे आहेत: टोकाचे सहा महिने रिकामे राहत नाहीत, आणि गुणक वर्षागणिक थोडे बदलू शकतात. पण तिला फक्त "दर बारा महिन्यांनी" एवढंच समजतं.

```python
import numpy as np
from statsmodels.tsa.seasonal import STL
r = STL(np.log(orders), period=12, robust=True).fit()
gunak = np.exp(r.seasonal)
```

`np.log` अशासाठी की एसटीएल बेरजेने चालतं, आणि लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते. `robust=True` चा मोह जपून करा. ते टोकाच्या महिन्यांचं वजन कमी करतं, त्यामुळे २०२३ चे दोन्ही महिने "विचित्र" म्हणून बाजूला सारले जातात. बाकी आलेख देखणा दिसतो आणि २०२६ चा अंदाज साफ चुकतो. म्हणून आधी प्रश्न ६ प्रमाणे सरकवा, मगच एसटीएलला द्या.

टोकाचा कल दिसतो म्हणून त्यावर हुरळून जाऊ नका. पुढचे महिने आले की तो बदलतो. शेवटच्या तीन महिन्यांच्या कलावर मी कधीच निर्णय घेत नाही.

सरकारी आकडेवारीसाठी वापरलं जाणारं X-13ARIMA-SEATS हे अमेरिकेच्या जनगणना खात्याचं मोफत सॉफ्टवेअर सरकते सण हाताळतं, पण त्यात ईस्टर तयार मिळतो, दिवाळी नाही. दिवाळीच्या तारखांची यादी आपण द्यायची, आणि Genhol नावाचं सोबतचं साधन त्यावरून प्रत्येक महिन्याचा वाटा काढून देतं. विचार प्रश्न ६ चाच.

१०. एक महिना काम बंद होतं, ऑर्डर शून्य. तो महिना टाकून देऊ का?

टाकला तर बारा महिन्यांची साखळी तुटते आणि पुढचा प्रत्येक महिना एक घर सरकतो. शून्य ठेवला तर कल खचतो आणि लॉग निघतच नाही. म्हणून तिथे तात्पुरता आकडा बसवा: आजूबाजूचा कल गुणिले त्या महिन्याचा इतर वर्षांचा गुणक. शेजारी खूण करून ठेवा, आणि उरलेलं बघताना तो महिना वगळा. बंद वर्षभर लांबलेलं असेल, कोरोनाच्या काळासारखं, तर अशी ठिगळं लावू नका, त्यानंतरचेच आकडे घ्या.

११. ऑर्डर कोणत्या तारखेची धरायची?

गिऱ्हाइकाने दिली त्या तारखेची. एका वर्षी मी कुरियर कंपनीच्या पोर्टलवरून यादी उतरवून घेतली. तिच्यात तारीख माल उचलल्याची होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसांतल्या ऑर्डरी नोव्हेंबरात जाऊन बसल्या आणि मला वाटलं दिवाळीची गर्दी उशिरा यायला लागली. रद्द झालेल्या ऑर्डरी मोजायच्या की नाही हे एकदा ठरवा आणि सगळ्या वर्षांना तेच लावा.

१२. प्रत्येक सणासाठी हा उद्योग करायचा? रंगपंचमी, गणपती, सगळ्यांना?

सण महिन्याची सीमा ओलांडतो का, एवढंच बघा. आमच्याकडे गेर निघते त्या रंगपंचमीला सेवेची मागणी जोरात असते आणि तिचीही तारीख दरवर्षी सरकते. पण २०२२ पासून २०२६ पर्यंत ती मार्चमध्येच आहे. महिन्याच्या आत सण कितीही फिरला तरी मासिक आकड्याला पत्ता लागत नाही, काही करू नका. मागचे आकडे घेत असाल तर सांभाळा: २०२१ मध्ये ती २ एप्रिलला होती.

गणपती मात्र दिवाळीसारखाच. २०२२ मध्ये ३१ ऑगस्ट, २०२३ मध्ये १९ सप्टेंबर, २०२४ मध्ये ७ सप्टेंबर, २०२५ मध्ये २७ ऑगस्ट. मोदकांच्या ऑर्डरी घेत असाल तर ऑगस्ट-सप्टेंबरला प्रश्न ६ ची पद्धत लावा. गर्दीचे दिवस अर्थात वेगळे, प्रश्न ७ प्रमाणे मोजून घ्या.

१३. इंग्रजी महिन्यांऐवजी सरळ मराठी महिन्यांनीच मोजलं तर? मग दिवाळी सरकणारच नाही.

हे मलाही सुचलं होतं आणि मी करूनही पाहिलं. दिवाळी जागेवर बसते, पण बाकी सगळं सुटतं. पगार १ तारखेला होतो, शाळेच्या सुट्ट्या इंग्रजी महिन्यांनी, उन्हाळा-पावसाळा सूर्याच्या हिशेबाने. आता ते सरकायला लागतात. अधिक मास आला की वर्षाचे तेरा महिने होतात आणि बाराची सरासरी कोलमडते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे.

आणि इंदुरात आणखी एक गंमत आहे. आमच्या मराठी पंचांगात महिना अमावास्येला संपतो, म्हणून लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येचं. शेजारच्या काकींच्या पंचांगात महिना पौर्णिमेला संपतो, त्यांच्यासाठी तोच दिवस कार्तिक अमावास्येचा. मावशीने "आश्विन" लिहून ठेवलेला कागद ऑर्डरी उतरवून घेणाऱ्या त्यांच्या मुलीने वाचला आणि कृष्ण पक्षाच्या सगळ्या ऑर्डरी कार्तिकात टाकल्या. त्या दिवसापासून वहीत फक्त इंग्रजी तारीख लिहायची असं ठरलं.